घोट्यावरचा जाड, खाजरा चट्टा: लायकेन सिम्प्लेक्समधली खाज आणि खाजवणं यांची साखळी कशी तोडायची

त्वचारोगाच्या ओपीडीत एक प्रकारचा रुग्ण नेहमी येतो. चट्टा एकच, तळहाताहून लहान, पण वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीवर, मानेच्या मागे, कोपराखाली किंवा जांघेच्या आसपास. पिशवीत अर्धवट वापरलेल्या चार-पाच ट्यूबा असतात आणि तक्रार ठरलेली: "मलम लावलं की बरं वाटतं, सोडलं की पुन्हा सुरू."

या चट्ट्याला लायकेन सिम्प्लेक्स म्हणतात. तो चिवट का होतो, याचं कारण त्याच्या घडणीत आहे. इथे खाज चट्ट्यामुळे येते हे खरं, पण चट्टा खाजवण्यामुळे टिकतो. मलम फक्त पहिल्या अर्ध्या भागावर काम करतं. दुसरा अर्धा भाग हाताच्या सवयीचा आहे आणि त्यावर कोणी काही सांगत नाही. म्हणून या लेखात मलमाइतकीच जागा हाताला दिली आहे. उदाहरण घोट्याच्या चट्ट्याचं घेतलं आहे, कारण तो सर्वांत जास्त रेंगाळतो.

आत नेमकं काय चालतं

सुरुवात बहुतेक वेळा क्षुल्लक असते. डास चावतो, चपलेचा पट्टा घासतो, थंडीत कातडी कोरडी पडते, घामाने पुरळ उठतं. तिथे खाज येते, आपण खाजवतो. नखाने होणारी बारीक वेदना खाजेचा संदेश पाठीच्या कण्यातच काही वेळ दाबून टाकते, म्हणून लगेच आराम पडतो आणि तो आराम सुखाचा असतो. मेंदू हे सुख लक्षात ठेवतो.

पण त्याच वेळी कातडीचं वरचं संरक्षक आवरण फाटलेलं असतं. आत दाह वाढतो, दाहातून सुटणारी रसायनं खाजेच्या नसांना अधिक संवेदनशील करतात आणि पुढची खाज आधीपेक्षा कमी कारणाने येते. रोज घासली जाणारी कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते. जाड कातडी कोरडी पडते, कोरडी कातडी पुन्हा खाजते. काही महिन्यांनी मूळ डासाचा चावा कुठेच नसतो. फक्त हे चाक आपल्या आपण फिरत राहतं.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळीने ही खाज फारशी थांबत नाही, कारण पित्ताच्या गांधीसारखी ती मुख्यतः हिस्टामिनमुळे येत नाही. दोन, खाज थांबली म्हणजे चट्टा बरा झाला असं होत नाही. खाज मलमाने आठवड्याभरातही कमी होते. जाड कातडी मूळपदावर यायला कितीतरी आठवडे लागतात. या मधल्या काळात मलम सोडलं आणि हात मोकळा ठेवला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पहिली पायरी: हा चट्टा तोच आहे ना?

हे पक्कं केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. या चट्ट्यावर चालणारं मलम दुसऱ्या आजारावर मोठं नुकसान करू शकतं.

उजेडात बसून चट्टा नीट बघा. लायकेन सिम्प्लेक्समध्ये कातडी जाड, राठ, आपल्या वर्णावर तपकिरी-काळसर किंवा जांभळट दिसते. मुख्य खूण म्हणजे कातडीवरच्या नैसर्गिक बारीक रेषा ठळक होऊन उभ्या-आडव्या चौकटी दिसू लागतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कडा कळते. मधोमध सर्वांत जाड आणि कडेकडे पातळ होत गेलेलं, असा साधारण आकार असतो. आणि जागा हाताच्या किंवा दुसऱ्या पायाच्या टप्प्यातली असते. पाठीचा जो भाग हाताला पोचत नाही तिथे हा चट्टा सहसा सापडत नाही.

गजकर्ण याच्या उलट वागतं. त्याची कडा लाल, उठलेली आणि जिवंत असते, मधला भाग निवळत जातो, वर्तुळ बाहेर पसरतं आणि बऱ्याचदा घरात आणखी कुणालाही तेच झालेलं असतं. अडचण अशी, की आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम सहज हातात पडतं. ते गजकर्णावर लावलं की खाज आणि लाली कमी होते, बुरशी मात्र आत फोफावते आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की ओळखूच येत नाही. तुम्ही असं मलम वापरलं असेल तर डॉक्टरांना ट्यूब दाखवा. कातडीचे कोंड्यासारखे कण खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते आणि पुढचे कित्येक महिने वाचवते.

सोरायसिसमध्ये चंदेरी पापुद्रे निघतात आणि कोपरं, गुडघे, टाळू, नखं यांपैकी आणखी कुठेतरी खुणा असतात. नडगीवरचे जांभळट, चामखिळीसारखे उंच चट्टे लायकेन प्लॅनस या वेगळ्या त्वचारोगाचेही असू शकतात. ते फार सारखे दिसतात आणि कधी कधी छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री सगळ्या अंगाला खाज आणि घरातले सगळेच खाजवतायत, तर ती खरूज समजा. आणि चट्ट्याला खाज नाहीच, उलट तिथे स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही, तर मलमाच्या भानगडीत न पडता कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

एक उदाहरण

पुढच्या पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून, नेहमी दिसणाऱ्या रुग्णांवरून बेतलेलं एक उदाहरण घेऊ. चव्वेचाळीस वर्षांच्या बाई, घरी शिलाईकाम करतात. डाव्या पायाच्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला साधारण पाच बाय सात सेंटिमीटरचा चट्टा, तीन वर्षांपासून. पावसाळ्यात डास चावल्यानंतर सुरू झाला. आजवर गरम पाण्याचा शेक, डेटॉल, लिंबू, लसणाचा लेप आणि मेडिकलवाल्याने दिलेलं मिश्र मलम असं सगळं झालं. लसणाने एकदा भाजल्यासारखी कातडी निघाली होती. बुरशीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. शुगर नॉर्मल, शिरा फुगलेल्या नाहीत.

"दिवसात किती वेळा खाजवता?" या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, "असेल दहा-बारा वेळा." हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि ते जवळजवळ नेहमी चुकीचं असतं.

दुसरी पायरी: आधी मोजा

खाजवण्याचा बराच भाग नकळत होतो. जे आपल्याला दिसतच नाही ते थांबवता येत नाही, म्हणून उपचाराच्या आधी एक आठवडा फक्त मोजायचं. नामजपासाठी बोटात अडकवायचं काउंटर मिळतं ना, तेच घ्या. चट्ट्याला हात, नख, दुसऱ्या पायाची टाच, टॉवेल, पलंगाची कड, काहीही घासलं की एक बटण. नखाने खरवडणं आणि नुसतं चोळणं यांत फरक करू नका. कातडीला दोन्ही सारखंच. एका सलग झटक्याला एक आकडा पुरे.

रात्री झोपताना आकडा वहीत लिहा आणि शेजारी सर्वांत जास्त खाजवलेल्या दोन वेळा. खाजवणं थांबवायचा प्रयत्न या आठवड्यात मुद्दाम करू नका. आकडा आपोआप थोडा उतरेल, कारण बटण दाबताना हात पकडला जातो.

आपल्या बाईंचा पहिल्या दिवसाचा आकडा साठच्या पुढे गेला. वेळाही स्पष्ट झाल्या. एक, दुपारी मशिनवर बसल्यावर: उजवा पाय पायटा चालवतो आणि मधल्या थांब्यात उजव्या पायाची टाच डाव्या घोट्यावर चोळली जाते. हे त्यांना तीन वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. त्या हाताला जपत होत्या आणि काम टाच करत होती. दोन, संध्याकाळी पाय धुऊन टॉवेलने खसाखसा पुसताना. तीन, अंथरुणावर पडल्यावर झोप लागेपर्यंत.

हा आठवडा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते संपूर्ण उपचारात तो सर्वांत कामाचा आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी या वहीवरून ठरते.

तिसरी पायरी: खाज पेटवणारी कारणं काढा

वहीत जिथे आकडे चढतात तिथेच बघा, सगळं आयुष्य बदलायला जाऊ नका. पायाच्या चट्ट्यासाठी कढत पाणी बंद. कढत पाण्याने क्षणभर खाजवण्यापेक्षाही गोड वाटतं, पण त्याने कातडीतलं तेल जातं आणि थोड्या वेळाने खाज आणखी वाढते. कोमट पाणी, त्या जागेवर साबण नाही, टॉवेल टेकवून टिपायचं. पैंजण, मोज्याचं घट्ट इलॅस्टिक, सॅन्डलचा पट्टा चट्ट्यावर येत असेल तर तो बदला. डेटॉल, लिंबू, लसूण, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नका.

मानेमागच्या चट्ट्याला कारणं वेगळी असतात: केसांचा काळा डाय, खोट्या दागिन्यांतलं निकेल, ब्लाउजच्या गळ्याची जर किंवा कपड्याचं लेबल. पायावर सूज आणि फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर आधी त्यांचा उपचार हवा, नाहीतर चट्टा हटणार नाही.

ताणाचा संबंध खरा आहे, पण "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून कुणाचं खाजवणं थांबलेलं नाही. हात ताणात असताना काय करतो, हे बदलता येतं. ते पाचव्या पायरीत.

चौथी पायरी: मलम, नेमकं किती आणि किती दिवस

जाड कातडीतून सौम्य मलम आत जातच नाही. म्हणून इथे डॉक्टर बहुधा तीव्र स्टेरॉइड देतात, उदाहरणार्थ क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, कधी कातडी मऊ करणाऱ्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडबरोबर बीटामेथासोन. क्रीमपेक्षा तेलकट मलम चांगलं. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आहेत. चेहरा, काखा, जांघा, जननेंद्रिय या पातळ कातडीच्या जागी यांचा वापर स्वतःहून कधीच नको.

दोन टोकाच्या चुका होतात. एक भीतीची: स्टेरॉइड म्हणून दोन दिवस पुसटसं लावून सोडायचं. दुसरी लाडाची: बरं वाटतं म्हणून वर्षभर लावत राहायचं. पहिल्याने चट्टा हटत नाही. दुसऱ्याने कातडी कागदासारखी पातळ, पांढरट होते, शिरा दिसतात, सहज फाटते.

प्रमाण असं मोजा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची वळी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. पाच बाय सात सेंटिमीटरच्या चट्ट्याला म्हणजे एका वेळी तुरीच्या दाण्याएवढं पुरे. दिवसातून दोनदा, दोन आठवडे, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपली तर खूप जास्त लागतंय; एक थेंबही कमी झालेला दिसत नसेल तर लागतच नाहीये.

लावायची पद्धत: कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा किंवा ओलं फडकं चट्ट्यावर ठेवा, टिपून घ्या आणि कातडी दमट असतानाच मलम लावा. ते फक्त जाड भागावर, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर नाही. चोळायचं नाही, कारण चोळणं हेही खाजवणंच. हलक्या हाताने एका दिशेने पसरवा. वीसेक मिनिटांनी सगळ्या पायाला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. हे तेलपाणी दिवसातून तीन-चार वेळा, मलम असो वा नसो.

खूप जाड चट्ट्याला डॉक्टर मलमावर पारदर्शक प्लास्टिक किंवा चिकटपट्टीचं ड्रेसिंग रात्रभर लावायला सांगतात. त्याने औषधाचा जोर बराच वाढतो आणि नखंही पोचत नाहीत. हे त्यांनी सांगितल्याशिवाय करू नका, आणि ओलसर किंवा पू असलेल्या जागेवर तर मुळीच नाही.

बाईंना ठरवून दिलेला क्रम असा होता: दोन आठवडे क्लोबेटासोल दिवसातून दोनदा. मग तपासणी. मग त्याहून कमी तीव्र मोमेटासोन ०.१ टक्के दिवसातून एकदा, चार आठवडे. त्यानंतर तेच मोमेटासोन आठवड्यातून फक्त दोन दिवस, म्हणजे शनिवार-रविवार, आणखी दोन महिने. हे शेवटचे दोन महिने बहुतेक जण गाळतात आणि चट्टा तिथूनच परततो.

पाचवी पायरी: हाताला दुसरं काम द्या

"खाजवू नका" ही सूचना निरुपयोगी आहे. हात आधीच निघालेला असतो. त्याला नुसतं थांब म्हणून चालत नाही, जायला दुसरी जागा लागते. सवय उलटवण्याची ही पद्धत अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अंगविक्षेप आणि नखं खाण्यासारख्या सवयींसाठी मांडली. स्वीडनमध्ये नोरेन आणि मेलिन यांनी ती इसबाच्या रुग्णांत स्टेरॉइड मलमाबरोबर वापरली आणि १९८९ मध्ये दाखवलं, की नुसत्या मलमापेक्षा मलम आणि ही पद्धत मिळून कातडी जास्त सुधारते.

कृती सोपी आहे, पण ती खाज नसताना आरशासमोर दहा-वीस वेळा करून बघावी लागते, म्हणजे वेळेवर आठवते. खाज आली किंवा हात निघाला की दोन्ही हातांच्या मुठी घट्ट आवळा, कोपरं अंगाला टेकवा आणि मनात सावकाश तीस मोजा. खाजेची लाट बहुतेकदा तेवढ्यात ओसरते. तीसनंतरही टिकली तर चट्ट्यावर तळहात सपाट ठेवून नुसता दाब द्या किंवा एकच नख रुतवून स्थिर धरा. घासायचं नाही, सरकवायचं नाही. तरीही नाही थांबली तर गार पाण्यात पिळलेलं फडकं किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच मिनिटं. थंडावा खाज खरोखर कमी करतो आणि कातडीला इजा करत नाही.

चारचौघांत मुठी आवळणं विचित्र वाटत असेल तर पर्समधली किल्ली, पेन, खुर्चीचा हात घट्ट धरा. महत्त्वाचं एवढंच, की ज्या स्नायूंनी खाजवतो तेच तीस सेकंद दुसऱ्या कामात अडकले पाहिजेत.

बाईंच्या बाबतीत गुन्हेगार टाच होती, त्यामुळे मुठींचा काही उपयोग नव्हता. त्यांना सांगितलं, की शिवण थांबली की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, एक वीतभर अंतरावर, आणि जमिनीला जोरात रेटून तीस मोजायचे. शिवाय मशिनवर बसताना डाव्या पायाला सुती मोजा. पाय धुतल्यावर टॉवेलऐवजी जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि लगेच तेल, म्हणजे हातांना चट्ट्यापाशी करण्यासारखं काहीतरी उरतं.

मोजणं चालूच ठेवायचं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यांचे आकडे उतरू लागले आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाचे दहाच्या आत आले. एक दिवस मात्र आकडा पुन्हा तिसाला गेला. लग्नसराईची ऑर्डर होती, जागरण झालं होतं. असा दिवस येतोच. त्या दिवशी मलम वाढवायचं नाही की सोडायचं नाही. ठरलेलं तेवढंच करायचं.

घरच्यांसाठी एक विनंती. "पुन्हा खाजवतेस!" असं ओरडू नका. त्याने लाज वाढते, लाजेने ताण वाढतो आणि माणूस लपून खाजवू लागतो. हाताला हलकेच हात लावा किंवा पाण्याचा पेला पुढे करा.

सहावी पायरी: रात्र

झोपेत मोजता येत नाही आणि मुठी आवळता येत नाहीत. हलक्या झोपेत माणूस नकळत खाजवतो, म्हणून रात्रीचा बंदोबस्त झोपण्याआधीच करायचा. नखं दर तीन-चार दिवसांनी कापून कानशीने गोल करा. नुसती कापलेली नखं धारदार असतात. झोपायच्या आधी तासभर मलम, मग तेल, मग सैल सुती मोजा किंवा मऊ कापडाची पट्टी. पांघरूण हलकं ठेवा आणि खोली शक्य तितकी थंड. उबेने खाज चाळवते. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके किंवा नखांत कातडीचे कण दिसले, तर रात्रीचा बंदोबस्त अपुरा आहे असं समजा.

पडल्या पडल्या झोप येत नसेल तो वेळ सर्वांत धोक्याचा. दहा-पंधरा मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसा, हाताला काम द्या, पेंग आल्यावर परत पडा.

डॉक्टर काही दिवस रात्री हायड्रॉक्सीझिनसारखी झोप आणणारी गोळी देतात. ती खाजेपेक्षा झोपेसाठी असते. सकाळी गुंगी राहिली तर गाडी चालवू नका. वयस्कर माणसं, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले यांनी ते आधी सांगावं.

बरं झालं हे कसं ओळखायचं

खाज गेली हा निकष नव्हे आणि काळा डाग गेला हाही नव्हे. आपल्या वर्णाच्या कातडीवर डाग कित्येक महिने राहतो; तो जळलेल्या दाहाची राख आहे, आजार नाही. डाग घालवायला स्टेरॉइड लावत राहणं हे नुकसानीचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

खरा निकष जाडी आणि रेषा. डोळे मिटून बोट फिरवा; चांगल्या कातडीवरून चट्ट्यावर जाताना कड लागते का? तिरप्या उजेडात चौकटीच्या रेषा शेजारच्या कातडीपेक्षा खोल दिसतात का? दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलने फोटो काढा, कारण रोज बघताना फरक कळत नाही. बाईंची खाज दुसऱ्या आठवड्यात जवळपास गेली होती, पण बोटाला कड सातव्या आठवड्यापर्यंत लागत होती. रोजचं मलम सहाव्या आठवड्याला संपलं तरी शनिवार-रविवारचं का ठेवलं, त्याचं कारण हेच.

सहा आठवड्यांत फरक नसेल तर

आधी वही उघडा. आकडा उतरला नसेल तर दोष मलमाचा नाही. कुठली तरी टाच, कड किंवा टॉवेल अजून सापडायचा आहे. आकडा उतरला आणि चट्टा तसाच, तर निदान पुन्हा तपासून घ्या: बुरशी, लायकेन प्लॅनस, सोरायसिस. मलम लावल्यावर कडेने लाली, बारीक पाण्याचे फोड आणि खाज उलट वाढली, तर मलमातल्याच एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असू शकते. मिश्र मलमांतलं निओमायसिन यासाठी प्रसिद्ध आहे. अशा वेळी पाठीवर पट्ट्या लावून करायची पॅच टेस्ट उपयोगी पडते.

निदान बरोबर असूनही कातडी फारच जाड असेल तर डॉक्टर चट्ट्यातच ट्रायॅमसिनोलोनचं इंजेक्शन देतात, साधारण चार-चार आठवड्यांच्या अंतराने. टोचताना दुखतं, पण हट्टी चट्टा लवकर सपाट होतो. जास्त झालं तर तिथे खळगा किंवा पांढरा डाग पडू शकतो. पातळ कातडीच्या जागी किंवा स्टेरॉइड पुरे झाल्यावर टॅक्रोलिमस ०.१ टक्के वापरतात. ते पहिले काही दिवस झोंबतं, मग सवय होते. चट्टे अनेक असतील, किंवा अंगावर काहीच नसताना सगळ्या अंगाला खाज असेल, तर हिमोग्लोबिन आणि लोह, शुगर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या रक्ततपासण्या करतात. झोप उडाली आहे, मन सतत खाली आहे, हात थांबतच नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा याच उपचाराचा भाग आहे.

जननेंद्रियावरच्या चट्ट्याबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि दुकानातून काहीबाही आणून लावतात. तिथली कातडी औषध फार शोषते, म्हणून कोणतं मलम किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवायचं. बायकांनी सुगंधी साबण, ओले टिश्यू आणि रोजचे पॅड आधी बंद करावेत आणि तिथे कातडी पांढरी पडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. तो वेगळा आजार असू शकतो.

चट्ट्यातून पू येऊ लागला, पाय लाल आणि गरम होऊन सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, मधुमेह असेल तर तासही घालवू नका. जुन्या चट्ट्यात महिनाभर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर तुकडा काढून तपासणी हवीच.

आणि सगळं नीट झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पहिली खाज आली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी काउंटर बोटात, तेल दिवसातून चारदा, मोजा घातलेला. तीन-चार दिवसांत आकडा खाली आला नाही किंवा बोटाला कड लागू लागली, तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं मोमेटासोन रोज एकदा, पाच ते सात दिवस. नव्या चट्ट्याला एवढं बहुधा पुरतं.